टॅली म्हणतंय ‘लायसन्स सर्व्हर सापडत नाही’: दोन कॉम्प्युटरच्या दुकानात नेमकं काय तुटतं?

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं, आणि हार्डवेअरपासून किराण्यापर्यंत प्रत्येक दुकानदाराला टॅलीत बसून मालाचे दर बदलावे लागले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. म्हणून बऱ्याच दुकानांत काउंटरवरचा जुना डबा गेला आणि विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर आला. हे दोन्ही बदल आपापल्या जागी बरोबरच आहेत. पण जिथं दोन कॉम्प्युटरवर एकच टॅली चालते, तिथं यांचा हिशेब वेगळाच लागतो.

मूल, ब्रह्मपुरी, वडसा, आल्लापल्ली, अहेरी, सिरोंचा, कुठल्याही बाजारपेठेत जा. मधल्या आकाराच्या दुकानाची मांडणी साधारण सारखीच दिसते. आतल्या खोलीत मालक किंवा मुनीमजींचा कॉम्प्युटर, त्यातच सगळा डेटा. बाहेर काउंटरवर दुसरा, फक्त बिलं फाडायला. मध्ये एक राउटर. आणि ज्या दिवशी बाहेरच्या स्क्रीनवर ‘लायसन्स सर्व्हर नॉट फाउंड’ असं काहीतरी येतं, त्या दिवशी घरातल्या मोबाइलवाल्या पोराला किंवा पोरीला हाक जाते, “तुला कळतं ना यातलं? बघ बरं.” हा लेख त्या हाक मारल्या गेलेल्यांसाठी आहे. टॅलीवाला चंद्रपूरहून किंवा नागपूरहून येणार, आणि तो येईपर्यंत तुम्ही काय करता यावर बरंच काही ठरतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे अर्धं काम झालं. या दोन कॉम्प्युटरमध्ये टॅलीचे एक नाही, दोन धागे असतात. पहिला धागा परवान्याचा. दुकानात टॅलीचा ‘गोल्ड’ म्हणजे अनेकांनी वापरायचा परवाना असेल, तर तो आतल्या कॉम्प्युटरवर बसवलेला असतो. तिथं मागच्या बाजूला टॅली गेटवे सर्व्हर नावाची एक सेवा सतत चालू असते. काउंटरवरची टॅली उघडताना त्या सेवेला विचारते, “मला परवानगी आहे का?” हे विचारणं ठरावीक दारातून होतं आणि त्या दाराचा नंबर सहसा 9999 असतो. दुसरा धागा डेटाचा. कंपनीच्या हिशेबाच्या फायली आतल्या कॉम्प्युटरवर एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतात, आणि काउंटरची टॅली नेटवर्कवरून थेट त्या फायलींत लिहिते. मध्ये कुणी कारकून नाही, थेट वहीतच पेन.

परवान्याचा धागा तुटला तर वहीला ओरखडाही पडत नाही. डेटाचा धागा लिहिता लिहिता तुटला, तर मात्र वहीचं पान फाटू शकतं. दोन्ही वेळा स्क्रीनवर इंग्रजीतली चौकट येते आणि दोन्ही वेळा दुकानात सारखीच धावपळ होते. खरं नुकसान होतं ते पहिल्या आजारावर दुसऱ्याचं औषध दिल्यामुळे.

पत्ता हरवतो, परवाना नाही

‘लायसन्स सर्व्हर नॉट फाउंड’ याचा अर्थ परवाना संपला असा नाही. काउंटरच्या कॉम्प्युटरला आतल्या कॉम्प्युटरचं दार सापडत नाहीये, एवढंच. आता ते का सापडत नाही, याची आपल्याकडची कारणं मोजकीच आहेत.

सगळ्यात नेहमीचं कारण वीज. चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, अर्ध्या महाराष्ट्राला इथली वीज माहीत आहे. पण पावसाळ्यात जंगलातल्या लाइनवर झाड पडलं की आपल्या गावात अंधार तो अंधारच. वीज गेली आणि आली की राउटर नव्यानं सुरू होतो, आणि प्रत्येक कॉम्प्युटरला नवा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, वाटू शकतो. काल आतला कॉम्प्युटर 192.168.1.10 होता, आज 192.168.1.14 झाला. काउंटरची टॅली मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसते.

दुसरं कारण तुमच्या खिशात आहे. ब्रॉडबँड बंद पडलं, ई-वे बिल काढायचं आहे, म्हणून कुणीतरी काउंटरचा कॉम्प्युटर राउटरच्या वायफायवरून काढून फोनच्या हॉटस्पॉटला जोडतं. इंटरनेट आलं, बिल निघालं, आणि टॅली गेली. कारण आता दोन कॉम्प्युटर दोन वेगळ्या नेटवर्कवर आहेत, त्यांची ओळखच राहिली नाही. इथं एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की नेट गेलं म्हणून टॅली गेली. तसं नसतं. दुकानातल्या दुकानात दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला इंटरनेट लागत नाही. राउटर चालू असला म्हणजे पुरे, भले त्याच्या बाहेरची तार तुटलेली असो. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला तरी गावातल्या दुकानाची आतली जोडणी त्यामुळे तुटत नाही. म्हणून नेट हवंच असेल तर कॉम्प्युटर राउटरच्या केबलवर तसाच राहू द्या आणि फोन युएसबी वायरनं जोडून टेदरिंग सुरू करा. दोन्ही कामं चालतात.

तिसरं कारण जरा लपलेलं असतं. नवा राउटर बसवला, किंवा जुना रीसेट केला, की विंडोजला ते अनोळखी नेटवर्क वाटतं आणि ते त्याला Public समजतं. म्हणजे बसस्टँडवरच्या फुकट वायफायसारखं. मग फायरवॉल आतल्या कॉम्प्युटरचं दार लावून घेतो. दुकानाचं स्वतःचं नेटवर्क सेटिंगमध्ये Private केलं की दार पुन्हा उघडतं.

यातलं नेमकं कुठलं, हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. आतल्या कॉम्प्युटरवर आधी टॅली उघडून बघा. तिथं ती परवान्यासह नीट उघडली तर परवाना ठणठणीत आहे, त्याला हात लावायचा नाही. मग तिथंच कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
ipconfig
```

IPv4 Address समोरचा आकडा कागदावर लिहून घ्या. आता काउंटरवर या, पॉवरशेल उघडा आणि तो आकडा घालून विचारा:

```
Test-NetConnection 192.168.1.14 -Port 9999
```

खाली शेवटी `TcpTestSucceeded : True` आलं तर दार उघडं आहे, फक्त टॅलीला जुना पत्ता पाठ आहे. काउंटरच्या टॅलीत `F1` दाबून सेटिंगमधल्या लायसन्सच्या भागात नवा पत्ता भरा, टॅली बंद करून उघडा, झालं. `False` आलं तर आतल्या कॉम्प्युटरवर `services.msc` उघडा आणि टॅली गेटवे सर्व्हर चालू आहे का बघा. वीज जाऊन आल्यावर कधी कधी ही सेवा उठतच नाही. तिथंच तिला Start करा. ती चालू असूनही `False` येत असेल तर मग फायरवॉल आणि ते Public-Private प्रकरण.

एकदा चालू झालं की त्याच दिवशी राउटरच्या सेटिंगमध्ये आतल्या कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर पुढच्या वादळाला हीच हाक पुन्हा येईल.

एक वेगळी शक्यताही सांगितली पाहिजे. दुकानात ‘सिल्व्हर’ परवाना असेल तर तो एकाच कॉम्प्युटरसाठी असतो. दुसऱ्यावर टॅली परवान्यानं चालणारच नाही, तुम्ही कितीही पत्ते बदला. ‘काल चालत होतं’ असं कुणी सांगितलं तर ते कसं चालत होतं, हे विचारायला हरकत नाही.

शैक्षणिक मोडचा सापळा

परवाना सापडला नाही तर टॅली बंद पडत नाही, ती ‘एज्युकेशनल मोड’मध्ये उघडायला तयार असते. समोर गिऱ्हाईक उभं आहे, त्यामुळे कुणीही तेच बटण दाबतं. या मोडमध्ये फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. मग १८ तारखेचं बिल २ तारखेला पडतं, “नंतर बदलू” म्हणून. नंतर ते बदललं जात नाही, आणि रिटर्न भरताना सीए विचारतो की २ तारखेला एकदम एवढी विक्री कशी झाली. म्हणून हा मोड दिसला की बिलिंग थांबवायचं.

याहून महाग पडणारी चूक वेगळी आहे. एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. समजा अहेरीच्या बाजूचं एक हार्डवेअरचं दुकान. दुपारी वीज गेली, आली, काउंटरवर लायसन्सची चौकट. मदतीला आलेल्या कुणीतरी शक्कल लढवली: परवान्याचं जाऊ दे, डेटा तरी इथंच आणू. पेनड्राइव्हवर कंपनीचं एक जुनं फोल्डर होतं, ते काउंटरच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि जुगाड करून बिलं सुरू केली. आत मुनीमजी आपल्या कॉम्प्युटरवर नेहमीसारखं काम करत राहिले.

आता दुकानात एक वही राहिली नाही, दोन झाल्या. आतल्या वहीत शेवटचं बिल १४६० होतं, तिथं १४६१ पासून पुढे बिलं पडली. काउंटरची कॉपी जुनी, तिच्यात शेवटचा नंबर १३९२, म्हणून तिथं १३९३ पासून सुरुवात झाली. म्हणजे आधीच दिलेले नंबर पुन्हा दुसऱ्याच गिऱ्हाइकांना गेले. शिवाय ती कॉपी २२ सप्टेंबरच्या आधीची होती, तिच्यात सिमेंटवर अजून २८ टक्केच लागत होते. ३५० रुपये मूळ किमतीच्या पोत्यावर १८ टक्क्यांनी ६३ रुपये कर बसतो, २८ नं ९८. पोत्यामागे ३५ रुपये जास्त. कुणा ठेकेदारानं ४० पोती नेली असतील तर एका बिलात १४०० रुपयांचा चुकीचा कर, तोही त्याच्या जीएसटी नंबरावर.

जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा नंबर एका आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा वापरता येत नाही. जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची बिलं जीएसटीआर-१ मध्ये एकेक करून जातात, आणि तिथं हे नंबर अडकतात. आता दोन वह्या एक करायच्या तर काउंटरची प्रत्येक नोंद आतल्या वहीत हातानं, नव्या नंबरानं घ्यावी लागणार आणि गिऱ्हाइकाला बिल बदलून द्यावं लागणार. अर्ध्या तासाच्या अडचणीसाठी आठवडा गेला, आणि मूळ दोष काय होता, तर राउटरनं बदललेला एक आकडा!

मग गिऱ्हाइकाला थांबवायचं का? नाही. हातानं लिहायचं छापील बिलबुक ठेवा आणि त्याला वेगळी मालिका द्या, उदाहरणार्थ H/1, H/2. एकापेक्षा जास्त मालिका नियमात चालतात. टॅली सुरू झाली की तीच बिलं त्याच नंबरांनी आत चढवायची.

डेटा एरर आला तर मात्र हात आवरा

दुसरी चौकट वेगळी असते. टॅली परवान्यासह उघडते, पण कंपनी उघडताना डेटा एरर येतो; किंवा कंपनी उघडते पण एखादा ठरावीक रिपोर्ट किंवा व्हाउचर उघडला की ‘मेमरी अ‍ॅक्सेस व्हायोलेशन’ म्हणत टॅली बंद पडते. त्याच कॉम्प्युटरवर दुसरी एखादी कंपनी उघडून बघा. ती नीट चालली, तर बिघाड टॅलीत नाही, या कंपनीच्या फायलींत आहे.

याचं कारण बहुतेक वेळा त्या मधल्या राउटरपाशी सापडतं. दुकानदार सांगतात, “दोन्ही कॉम्प्युटरला यूपीएस आहे, बंदच पडले नाहीत.” बरोबर आहे. बंद पडला तो राउटर, कारण तो भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये होता. काउंटरवर एंटर दाबलं, टॅली आतल्या फायलींत लिहायला लागली, आणि मध्येच रस्ता गायब झाला. काही फायलींत नवी नोंद गेली, काहींत नाही. काउंटर वायफायवर असेल तर वीज न जाताही हे होऊ शकतं, म्हणून टॅलीसाठी केबलच बरी. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर त्याचं मागचं बटण UPS मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडमध्ये तो वीज बदलायला इतका वेळ घेतो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

अशा वेळी टॅलीतलं Repair लगेच दाबायची घाई होते. आधी दोन्हीकडची टॅली बंद करा. आतल्या कॉम्प्युटरवर टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये जा, तिथं आपल्या कंपनीचं आकड्यांच्या नावाचं फोल्डर असेल, 10000 सारखं. ते जसंच्या तसं पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि त्या पेनड्राइव्हला पुन्हा हात लावू नका. मग त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या जागी, समजा D ड्राइव्हवर नव्या फोल्डरमध्ये, आणखी एक कॉपी ठेवा आणि टॅलीत कंपनी निवडताना Specify Path देऊन ती उघडा. काउंटरवरून एरर येतो पण इथं ही कॉपी सुरळीत चालते, असं झालं तर फायली ठीक आहेत, भानगड नेटवर्कची आहे. इथंही तोच एरर आला तर फायलीच दुखावल्या आहेत.

Repair करायचं ते या D वरच्या कॉपीवर. नव्या टॅलीप्राइममध्ये ते `Alt+Y` खाली मिळतं. ते काय करतं हे माहीत असू द्या: जेवढ्या नोंदी वाचता येतात तेवढ्या उचलतं आणि फायली नव्यानं बांधतं. ज्या वाचता येत नाहीत त्या गळू शकतात. त्यामुळे Repair झालं म्हणजे सगळं परत आलं, असं धरून चालू नका. `Alt+G` दाबून Statistics रिपोर्ट उघडा, त्यात कुठल्या प्रकारचे किती व्हाउचर आहेत ते दिसतं. विक्रीची शेवटची बिलबुकातली किंवा छापलेली पावती १४६० आणि इथं १४५७ च दिसत असतील, तर तीन गळाली. बिलनंबरांच्या यादीत खंड कुठं आहे ते शोधा, कागदी प्रतीवरून ती तीन भरा. सहसा ती शेवटच्या काही मिनिटांतलीच निघतात. चांगला बॅकअप आदल्या रात्रीचा असेल तर Repair च्या भानगडीत न पडता तो चढवून एका दिवसाची बिलं पुन्हा भरणं मला जास्त भरवशाचं वाटतं. बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा असेल तर अर्थात पर्याय राहत नाही.

नवा कॉम्प्युटर आणल्यानंतरचं दुखणं

आता विंडोज ११ कडे. जुन्या दुकानांत डेटाचं फोल्डर पासवर्डशिवाय शेअर केलेलं असतं. पाहुणा म्हणून कुणीही आत. विंडोज ११ प्रोच्या 24H2 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं अशा बिनपासवर्डच्या पाहुण्याला मनाई केली आहे. त्यामुळे काउंटरवर नवा कॉम्प्युटर लावला की विचित्र चित्र दिसतं: परवाना सापडतो, पण कंपनीच दिसत नाही. पहिला धागा जोडलेला, दुसरा तुटलेला. टॅली बाजूला ठेवून फाइल एक्स्प्लोररमधून ते फोल्डर उघडून बघा. ‘block unauthenticated guest access’ असे शब्द असलेला संदेश आला तर दोष टॅलीचा नाही.

यावर यूट्यूबवर झटपट उपाय सापडतो, रजिस्ट्रीत बदल करून पाहुण्याला पुन्हा आत घ्यायचा. तो करू नका. मनाई कारणाशिवाय आलेली नाही. उघडं फोल्डर म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला आयतं अंगण. सरळ उपायाला जास्त वेळही लागत नाही. आतल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड असलेला एक वेगळा युजर बनवा, फोल्डर फक्त त्याच्याशी शेअर करून लिहिण्याची परवानगी द्या, आणि काउंटरच्या Credential Manager मध्ये ते नाव आणि पासवर्ड एकदा भरून ठेवा.

बदलायचा कॉम्प्युटर आतला असेल तर आणखी एक काम आधी करावं लागतं. परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो. जुना डबा भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देण्याआधी, तो चालू असताना, त्यावरच्या टॅलीतून परवाना Surrender करा आणि मग नव्यावर चालू करा. या कामाला इंटरनेट लागतं, टॅलीला नोंदवलेला ईमेलही लागतो. बऱ्याच दुकानांत तो ईमेल कुणा जुन्या टॅलीवाल्याचा निघतो, ज्याचा फोन आता लागत नाही. जीएसटीआर-१ ची तारीख ११, तिमाहीवाल्यांची १३. तर ही अदलाबदल त्या आठवड्यात काढू नका, आणि आज संध्याकाळी दुकानात गेलात की तो ईमेल कुणाचा आहे तेवढं बघून घ्या.